बेसमेंटच्या भिंतीबाबत तिसरं पत्र

काकूंनी पत्राचा मजकूर पुन्हा वाचला आणि 'लवकरात लवकर' हे दोन शब्द खोडले.

लवकरात लवकर म्हणजे कधीच नाही, हे त्या एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करून शिकल्या होत्या. पेशंटला 'लवकर देतो' म्हटलं की तो दर तासाला खिडकीशी येतो आणि हात हलवत परत जातो. 'साडेचारला देतो' म्हटलं की साडेचारलाच येतो आणि रिपोर्ट तयार नसेल तर भांडतो. भांडायलासुद्धा ठरलेली वेळ लागते. म्हणून त्यांनी लिहिलं, 'काम कोणत्या तारखेला सुरू होणार आणि कोणत्या तारखेला संपणार, हे लेखी कळवावे.' त्याखाली आणखी दोन गोष्टी मागितल्या. पाणी कुठून येतंय ते लिहून द्या, आणि ते कोणत्या पद्धतीने थांबवणार तेही लिहून द्या.

"झालं का बाई तुमचं?" त्यांचे यजमान चष्म्यावरून बघत म्हणाले. "तिसरं पत्र ना हे? आता बिल्डरला तुझं अक्षर स्वप्नात दिसत असेल."

"टाइप केलंय."

"मग टाइप स्वप्नात दिसत असेल."

काकू हसल्या नाहीत. बिल्डिंगच्या सेक्रेटरी झाल्यापासून त्या तशाही कमीच हसत. काकांचं म्हणणं असं, की लॅबमध्ये असताना तिला फक्त रक्ताचा संशय यायचा, आता माणसांचाही यायला लागलाय.

संशयाला कारण होतं. बिल्डिंगच्या पोटात बेसमेंट होतं. तिथे गाड्या लागत, पंप होते आणि एका कोपऱ्यात सगळ्या घरांच्या विजेच्या मीटरची खोली होती. गाड्या उतरायच्या उताराच्या बाजूची भिंत मातीला टेकलेली. त्या भिंतीवर गुडघाभर उंचीला एक आडवी ओली रेघ दिसायला लागली होती. रेघेखाली पांढरा खार फुलायचा, मग रंगाचे पापुद्रे सुटायचे, मग जमिनीवर डबकं. डबकं पन्हळीतून खड्ड्यात जायचं आणि खड्ड्यातला पंप ते बाहेर फेकायचा. सुरुवातीला पंप दिवसातून एकदा सुरू व्हायचा, आता चार-चार वेळा. आणि ती रेघ महिन्याला हातभर या गतीने मीटरच्या खोलीकडे सरकत होती.

पहिलं पत्र आठ महिन्यांपूर्वी गेलं. उत्तर आलं नाही, बिल्डरचा इंजिनियर आला. गोड माणूस. त्याने भिंत खरवडली, पुट्टी लावली, रंग मारला आणि "झालं काम, मॅडम" म्हणून गेला. दोन महिने भिंत नव्या नवरीसारखी दिसली. मग रेघ परत आली. दुसरं पत्र गेलं, इंजिनियर परत आला, पुट्टी, रंग, झालं काम. दोन्ही वेळा कागद एकही नाही. आणि दोन्ही वेळा काकूंनी ओलीच्या कडेने खडूने आखून ठेवलेल्या तारखा त्या रंगाखाली गडप झाल्या.

"खुणा पुसायलाच येतो मेला," काकू म्हणाल्या होत्या.

"रंग मारायला येतो गं."

"तेच म्हणते मी."

घरांच्या करारात एक कलम होतं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला आणि तो लेखी कळवला, तर बिल्डरने तो स्वतः दुरुस्त करून द्यायचा. ती पाच वर्षं या महिन्याच्या तीस तारखेला संपत होती. आज अकरा तारीख. आधीची दोन पत्रं 'रंगकाम करून दिले' असं म्हणून तो मिटवून टाकणार, हे काकूंना स्वच्छ दिसत होतं. तिसरं पत्र तीस तारखेच्या आत आणि नीट पोचलं नाही, तर ती भिंत कायमची सोसायटीच्या गळ्यात.

पत्रावर सेक्रेटरीबरोबर चेअरमनचीही सही लागे. काकूंनी त्याच संध्याकाळी पत्र चेअरमनसाहेबांच्या हातात दिलं.

चेअरमनसाहेब दुसऱ्या मजल्यावर राहत. पूर्वी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकीच्या गिअरशेजारी बसून त्यांचा स्वभाव अतिशय शांत झाला होता.

"ठेवा वहिनी, निवांत वाचतो," ते म्हणाले.

"निवांत नको. उद्या द्या."

"उद्या देतो."

उद्या गेला. परवा गेला. चौदा तारखेला काकूंनी जिन्यात गाठलं, तर चेअरमन म्हणाले, "वहिनी, भाषा जरा कडक वाटते. थोडी मऊ केली तर?" सोळा तारखेला म्हणाले, "चष्मा दुरुस्तीला दिलाय." सतरा तारखेला काकू भाजी घेऊन येत होत्या, तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता, चेअरमन फाटकाबाहेर उभे होते आणि त्यांच्याशी बोलत होता तो बिल्डरचा इंजिनियर.

काकूंना बघून दोघं बोलायचे थांबले.

आता थांबले म्हणून काही गुन्हा होत नाही. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काकू पिशवी घेऊन घरात आल्या, भाजी तशीच ओट्यावर ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "चेअरमन फुटला."

"म्हणजे काय फुटला? तो काय माठ आहे?"

"सहा दिवस सही देत नाहीये. आणि बाहेर त्या पुट्टीवाल्याशी गप्पा मारतोय. कुठंतरी पाणी मुरतंय."

"ते तर पत्रातच लिहिलंयस," काका म्हणाले. पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी पुढची वाक्यं गिळली.

अठरा तारखेला सकाळी वॉचमनचा फोन आला. "काकू, तो इंजिनियर खाली आलाय. कुणी बोलावलं नाही, तरी आलाय. वर बघून फोटो काढतोय."

"वर? भिंतीचे ना?"

"नाही. छताचे."

काकू चपला अडकवून खाली उतरल्या. बेसमेंटमध्ये इंजिनियर मान वर करून उभा होता. भिंतीपासून चांगला वीस पावलं लांब, तीन खांबांच्या मध्ये. छतावर थाळीएवढा गोल ओला डाग होता. त्याच्या मध्यावर एक थेंब जमत होता, फुगत होता आणि टपकत होता. काकू रोज खाली येत, पण त्या भिंत बघायला येत. मान वर करून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"नमस्कार मॅडम," इंजिनियर म्हणाला. आवाजात साखर तशीच होती. "याच्यावर बरोबर काय येतं हो? बाग ना?"

"बाग."

"बागेत काय आहे इथे?"

काकूंची नजर थेंबावरून हलली नाही. त्यांना माहीत होतं इथे काय आहे.

"झोपाळा आहे मॅडम. मी आत्ताच वर बघून आलो. लोखंडी. चार पाय, प्रत्येक पायाला चार बोल्ट. आमच्या नकाशात झोपाळा नाही." त्याने फोन खिशात ठेवला. "स्लॅबवर आम्ही वॉटरप्रूफिंगचा थर देतो. त्यातून ड्रिलने सोळा भोकं पाडली, तर पाणी खाली येणारच ना? कुणी बसवला झोपाळा?"

"सोसायटीने," काकू म्हणाल्या.

"आम्हाला विचारून?"

काकूंनी जमिनीवर पडलेला थेंब चपलेने पुसला. इंजिनियरने मान हलवली, जणू मिळालंच उत्तर. "सोसायटीने स्वतः तोडफोड केली असेल तर ते कलम लागू होत नाही, मॅडम. तुम्हीच वाचा. मी आपलं आधी सांगतो, उगाच पत्रापत्री कशाला." आणि तो नमस्कार करून उतार चढून गेला.

काकू वर आल्या आणि कपाटातून सभेच्या ठरावांची वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान. 'मुलांसाठी बागेत झोपाळा बसवावा. ठराव मांडला : सेक्रेटरी. सर्वानुमते मंजूर.' खाली त्यांचीच सही, ठसठशीत. त्या दिवशी सभेत त्या वीस मिनिटं बोलल्या होत्या. मुलं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, त्यांना हवेत झोका घेऊ द्या, वगैरे. बोल्ट ठोकणाऱ्या माणसाला पाणीसुद्धा त्यांनीच नेऊन दिलं होतं.

लॅबमध्ये नमुन्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय काकूंनी बाटली हातात घेतली नव्हती. आणि स्लॅबला भोक पाडताना खाली काय आहे, हे त्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या पहिल्यांदा घाबरल्या. भिंत गेली तर ती त्यांच्या झोपाळ्यापायी जाणार होती. पाच वर्षांचा हक्क सोळा बोल्टांवर टांगलेला. आणि त्याच्याही मागे एक प्रश्न उभा राहिला. इंजिनियरला नेमकं तिथेच वर बघायला कुणी सांगितलं?

त्या सरळ दुसऱ्या मजल्यावर गेल्या. चेअरमनसाहेबांनी दार उघडलं.

"सही राहू द्या," काकू म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा. झोपाळ्याचं त्याला तुम्ही सांगितलंत?"

चेअरमन आत गेले आणि टेबलाच्या खणातून पत्र काढून आणलं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"बसा वहिनी."

"उभी बरी आहे."

"मला तो थेंब महिन्याभरापासून माहीत आहे. माझी गाडीच त्याच्याखाली लागते. रोज सकाळी बॉनेटवर एक पांढरा ठिपका. शेवटी मान वर केली. मग बागेत जाऊन पावलं मोजली." त्यांनी पत्राची घडी उलगडली. "पत्र गेलं की तो तपासायला येणार. आला की झोपाळा सापडणार. सापडला की सगळी बिल्डिंग तुमच्या नावाने ओरडणार. म्हणून म्हटलं, जरा थांबवू, तोवर काहीतरी सुचेल."

"सुचलं?"

"नाही."

"आणि काल फाटकाशी?"

"काल तो मला विचारत होता, की मॅडम आणखी पत्र पाठवणार का. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मला खोटं बोलता येत नाही हो नीट. तुम्ही आलात आणि माझी पाचावर धारण बसली."

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, बाटली उजेडात धरून बघावी तशी. त्यांना कुठेही गढूळ दिसलं नाही. तरी त्या म्हणाल्या, "मग तो नेमका तिथे कसा पोचला?"

"माणसाला खाली जाऊन वर बघायला डोळे पुरतात, वहिनी. तो इंजिनियर आहे. तुम्हीच तेवढ्या भिंतीला चिकटलेल्या होतात."

काकू बसल्या.

"तुम्ही मला वाचवायला निघालात आणि सात दिवस घालवलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "ड्रायव्हिंग शिकवताना पण असंच करायचात का? समोर भिंत दिसली की डोळे मिटायचे?"

"नाही. ब्रेक माझ्या पायाशी असायचा," चेअरमन म्हणाले. "म्हणून तर सवय वाईट."

त्यांनी पत्रावर सही केली. पण काकूंनी ते घेतलं नाही. "हे नको आता. हे पत्र त्याला पाहिजे तसं आहे. पाणी कुठून येतं, ते त्यालाच विचारलंय यात. तो झोपाळ्याचा धागा ओढेल आणि अख्खं पत्र उसवेल. आधी बघू दे, पाणी एक आहे की दोन."

लॅबमध्ये एक नियम असतो. दोन आजार एकाच पेशंटला असू शकतात, पण दोन्हीची नळी वेगळी. काकूंनी दुसऱ्याच दिवशी, एकोणिसाला, कामाला सुरुवात केली. आधी पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी. तिची एक बाजू त्याच भिंतीच्या शेजारी येत होती. सगळे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवले, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण केली. सकाळी पातळी खुणेवरच. टाकी निर्दोष.

मग झोपाळा. बागेला पाणी घालणं बंद केलं आणि झोपाळ्याच्या पायांभोवती ताडपत्री घट्ट बांधली. खाली भिंतीवर ओलीची कड खडूने आखली, तारीख आणि वेळ घातली, आणि शेजारी वॉचमनला सही करायला लावली.

"काकू, भिंतीवर सही?" वॉचमन म्हणाला. "उद्या तो रंग मारेल, माझं नाव पण पुसलं जाईल."

"म्हणून फोटो काढतेय. हस जरा."

दोन दिवसांत छतावरचा थेंब थांबला. तिसऱ्या दिवशी डाग कोरडा पडून त्याची नुसती पिवळी कड राहिली. भिंतीवरची रेघ मात्र जिथल्या तिथे, चकाकत. आणि कित्येक आठवड्यांत पाऊस नाही, तरी खड्ड्यातला पंप रोज चार वेळा सुरू.

बागेत दुसरीच आघाडी उघडली होती. झोपाळा बांधून ठेवलेला बघून चार-पाच मुलं काकूंना घेराव घालून उभी राहिली.

"काकू, तुम्हीच आणलात आणि तुम्हीच बांधलात," त्यातली एक मुलगी म्हणाली. तिचा सूर वकिलाचा होता.

काकूंनी त्यांना ओरडून हाकललं नाही. त्यांनी एक प्लास्टिकचा डबा उलटा मातीवर ठेवला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ओघळून बाजूला गेलं. मग डब्याला खिळ्याने एक बारीक भोक पाडलं आणि पुन्हा ओतलं. "उचल आता," त्या म्हणाल्या. मुलीने डबा उचलला. खालची माती मध्यावर ओली झाली होती.

"म्हणजे झोपाळा गळतो?"

"झोपाळा नाही. मी पाडलेली भोकं गळतात."

"मग तुम्ही सॉरी म्हटलं का?"

"लिहितेय," काकू म्हणाल्या.

बावीस तारखेला त्यांनी उलटी परीक्षा घेतली. ताडपत्री काढली, झोपाळ्याच्या पायांभोवती मातीची वीतभर पाळ घातली आणि आत पाणी साठवलं. तासा-दोन तासांनी खाली थेंब परत सुरू. चोवीस तास पाणी तुंबून राहिलं, पण भिंतीवरची रेघ खडूच्या बाहेर तसूभरही गेली नाही, आणि पंपही जास्तीचा एकदा सुरू झाला नाही. पाणी दोन होती. एक वरून येणारं, काकूंचं. एक मातीतून येणारं, बिल्डरचं.

तेवीस तारखेच्या सकाळी त्यांनी नवं पत्र लिहायला घेतलं. काका मागे उभे राहून वाचू लागले आणि पहिल्याच परिच्छेदाशी थबकले.

'बेसमेंटच्या छतावर बागेतील झोपाळ्याखाली जी गळती आहे, ती सोसायटीने दोन वर्षांपूर्वी स्वतः बसवलेल्या बोल्टमुळे आहे. तिची दुरुस्ती सोसायटी करील. तिच्याबाबत आपल्याकडे कोणतीही मागणी नाही.'

"अगं, हे कशाला?" काका म्हणाले. "आपल्याच पायावर धोंडा? तो अजून पत्र लिहून थोडाच म्हणालाय?"

"म्हणेल. एकतीस तारखेला म्हणेल, तेव्हा माझ्याकडे उत्तर द्यायला दिवस नसेल. आज मीच म्हटलं तर त्याच्या हातात काय राहिलं?"

"आणि बिल्डिंगमधले लोक?"

"त्यांना सभेत सांगणारच आहे. ठराव माझा होता, वहीत लिहिलाय."

दुसरा परिच्छेद भिंतीचा होता. ओली रेघ जमिनीपासून किती उंचीवर, किती लांब, मीटरच्या खोलीपासून किती अंतरावर. टाकीची परीक्षा, ताडपत्रीची परीक्षा, पाण्याच्या पाळीची परीक्षा, तारखा, फोटो. आणि शेवटी तेच तीन प्रश्न. कारण काय, पद्धत कोणती, सुरू कधी आणि संपणार कधी. शेवटी एक ओळ त्यांनी मुद्दाम घातली : 'रंग व पुट्टी यांस दुरुस्ती मानता येणार नाही.'

चोवीस तारखेला काकू आणि चेअरमन बिल्डरच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने पत्र घेतलं, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का उठवला आणि परत दिलं. काकूंनी शिक्का वाचला. नुसतं ऑफिसचं नाव.

"तारीख?"

"शिक्का मारलाय ना मॅडम."

"शिक्का कोणत्याही दिवशी मारता येतो, बाळा. तारीख घाल, वेळ घाल, सही कर, खाली नाव लिही. मी इथे बसते. घाई नाही."

मुलगी आत विचारायला गेली. आतून इंजिनियरच आला. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी आलोच असतो."

"तुम्ही येता आणि रंग लावून जाता," काकू म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, या वेळी आपण जावं."

तारीख पडली. तरीही बाहेर आल्यावर काकूंनी तेच पत्र पोचपावतीसह टपालानेही पाठवलं. चेअरमन म्हणाले, "एवढा अविश्वास?" आणि काकू म्हणाल्या, "दोन नळ्या. एक फुटली तर दुसरी."

सत्तावीस तारखेला इंजिनियर पाहणीला आला. बेसमेंटमध्ये काकू आणि चेअरमन आधीच उभे होते, वॉचमन त्याच्या मागोमाग उतरला. इंजिनियरने सवयीने सरळ झोपाळ्याखाली जाऊन मान वर केली.

"मॅडम, मूळ प्रश्न हा आहे. हे पाणी स्लॅबमधून फिरत फिरत भिंतीत उतरतं."

"पहिला परिच्छेद वाचलात?"

"वाचला."

"मग ते पाणी आमचं. आम्ही सोडलं. आता तुमचं बघू." काकू भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. "वर चोवीस तास पाणी तुंबवलं, तेव्हा ही खूण केली. ही त्याच्या आधीची, वर कोरडं असतानाची. दोन्ही एकावर एक आहेत. तुमचं फिरत फिरत येणारं पाणी इथे का आलं नाही?"

इंजिनियर रेघेजवळ उकिडवा बसला. बोट फिरवलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली साखर उतरली आणि आवाज साधा झाला.

"ही रेघ सरळ का आहे, माहिती आहे?"

"तुम्ही सांगा."

"एका दिवशी इथपर्यंत काँक्रीट ओतलं असणार. वरचं नंतर. मधला सांधा आहे हा." तो थांबला. बोलून गेलो हे त्याच्या लक्षात आलं होतं. काकूंनी वही पुढे केली होती.

"हे कारण झालं," त्या म्हणाल्या. "लिहा."

"मॅडम, मला साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. इथे फोन लागत नाही, वर उतारावर लागतो. आम्ही थांबतो."

तो वर गेला. बराच वेळ आला नाही. चेअरमन हळूच म्हणाले, "पळाला का?"

"गाडी आत आहे त्याची. फाटक वॉचमनने लावलंय."

"तुम्ही सांगितलंत त्याला?"

"मी कशाला सांगू? तो शिकला आता," काकू म्हणाल्या. वॉचमनने छताकडे बघितलं.

इंजिनियर परत आला तेव्हा घामेजला होता. त्याने वहीत कारण लिहिलं आणि सही केली. तारखांचं पत्र दोन दिवसांत ऑफिसातून येईल म्हणाला.

काकूंनी दोन दिवस कुणाचं काही खरं मानलं नाही. अठ्ठावीसला काही आलं नाही. एकोणतीसला दुपारी तो स्वतः लिफाफा घेऊन दारात उभा राहिला. सांध्यात ठरावीक अंतरावर भोकं पाडून दाबाने रसायन भरणार. काम पुढच्या महिन्याच्या चार तारखेला सुरू, एकवीसला पूर्ण. मग महिनाभर निरीक्षण, ओल आली तर पुन्हा. काकूंनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. 'वरील तारखा परिस्थितीनुसार बदलू शकतात.'

"ही परिस्थिती कोण?" त्यांनी विचारलं.

"ते आपलं नेहमीचं वाक्य असतं, मॅडम. सगळ्या पत्रांत असतं."

"या पत्रात नको. खोडा आणि शेजारी सही करा. तारीख बदलायची झाली, तर तुम्ही आधी लेखी कारण द्यायचं."

"काकू," तो म्हणाला. मॅडमची काकू झाली होती. "तुम्ही स्वतःहून झोपाळ्याचं लिहिलं नसतंत ना, तर साहेब हे पत्र देणारच नव्हते. ते म्हणाले होते, तीस तारीख जाऊ दे."

"मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं." काकूंनी पेन पुढे केलं. "खोडा."

त्याने खोडलं.

चार तारखेला सकाळी मशीन आलं. कामगाराने आडव्या रेघेवर पहिलं भोक पाडलं, ड्रिल मागे ओढलं, आणि भोकातून करंगळीएवढी पाण्याची धार सुटून थेट समोर, चेअरमनसाहेबांनी त्या थेंबाखालून इथे हलवलेल्या गाडीच्या दारावर आदळली. कामगार दोन पावलं मागे सरला. चेअरमन "अरे बाप रे" एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. आठ महिने पुट्टी आणि रंगाआड कोंडलेलं पाणी होतं ते. स्वच्छ, थंड, मातीच्या वासाचं.

इंजिनियर काकूंशेजारी उभा होता. "आता तरी पटलं ना, काकू, काम खरंच सुरू झालंय?"

काकूंनी घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ लिहिली.

"सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "संपल्याचं एकवीस तारखेला बोलू."